ठाणे ते नेरळ: चालत्या गाडीच्या काचेतून फोटो कसा काढायचा

गाडीच्या खिडकीतून फोटो काढणाऱ्या नव्या लोकांची तक्रार जवळपास एकच असते, बाहेर इतकं भारी दिसत होतं आणि मोबाइलमध्ये बघितलं तर डब्यातली लाइट, स्वतःचा हात, आणि मागे कुठेतरी फिसकटलेला हिरवा रंग. यात मोबाइलचा दोष फार कमी असतो. काच आणि स्पीड या दोन वेगळ्या भानगडी आहेत, दोन्हीचा इलाज वेगळा आहे, आणि आपण दोन्ही ऑटोवर सोडून देतो. म्हणून इथे एकच रूट घेऊन पहिल्यापासून सांगतो: ठाण्याहून सकाळी पुण्याकडे जाणारी गाडी, एसी चेअर कार म्हणजे बंद काच, आणि त्यातला बदलापूर ते नेरळ एवढाच तुकडा. पावसाळ्यात हा तुकडा म्हणजे खाली भातखाचरं आणि वर डोंगरांची सलग रांग, ठाणेकरांना एवढ्या जवळ याहून चांगली प्रॅक्टिसची जागा मला तरी माहीत नाही.

आधी बाजू ठरवा

पुण्याकडे जाताना गाडीच्या तोंडाकडे तोंड करून उजवी बाजू घ्या. कल्याणनंतर लाइन दक्षिण-पूर्वेला वळते, त्यामुळे मलंगगड, चंदेरी, पेब आणि माथेरानचा डोंगर हे सगळं उजव्या हाताला येतं, आणि सकाळचा सूर्य डाव्या बाजूला राहतो. म्हणजे ऊन तुमच्या पाठीमागून येऊन डोंगरावर पडतं, काचेवर थेट पडत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण काचेवर थेट ऊन पडलं की बाहेरून साचलेली धूळ आणि पाण्याचे वाळलेले डाग चमकायला लागतात आणि मग कुठलंही सेटिंग उपयोगाला येत नाही. संध्याकाळी परत येताना तीच रांग डाव्या बाजूला येते आणि सूर्य तिच्या मागे असतो, तेव्हा फक्त काळ्या आकृत्या मिळतात, त्याही छान असतात पण तो वेगळा फोटो झाला.

सीट विंडो आहे म्हणजे समोर काच असेलच असं नाही, चेअर कारमध्ये काही रांगांच्या बरोबर बाजूला दोन खिडक्यांमधला खांब येतो आणि अर्धी काच पुढच्या माणसाकडे जाते. गाडीत चढल्यावर हे आधी बघा, जमलं तर कुणाशी तरी सीट बदलून घ्या. दुसरं बघायचं ते दोन काचांच्या मध्ये साठलेलं धुकं. एसी डब्याची काच डबल असते, सील गेलेलं असेल तर आत वाफ धरते आणि ती बाहेरून आतून कशीही पुसली तरी जात नाही, अशा खिडकीवर वेळ घालवू नका. आतली बाजू मात्र ओल्या रुमालाने आणि मग कोरड्याने नक्की पुसा, डोक्याचं तेल लागलेला पट्टा प्रत्येक खिडकीवर असतोच आणि तो बरोबर आपण मोबाइल धरतो त्या उंचीवर असतो.

पारसिकच्या बोगद्यात काच तपासा

ठाणं सुटलं, कळवा मागे पडलं की मेल-एक्सप्रेस गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते. १९१६ सालचा हा बोगदा साधारण १.३ किलोमीटर लांब आहे, म्हणजे चांगल्या स्पीडला मिनिटभर अंधार मिळतो. बहुतेक लोक तेव्हा मोबाइल खाली ठेवतात. तुम्ही उलट करा, त्या मिनिटात मोबाइल जसा फोटोसाठी धरणार तसाच काचेकडे धरा आणि स्क्रीनवर काय काय दिसतंय ते नीट बघा. बाहेर काळं असल्यामुळे काच पूर्ण आरसा झालेली असते, वरची लाइट, शेजाऱ्याचा पांढरा शर्ट, समोरच्या ट्रेवरचा बिस्किटचा चकचकीत पुडा, तुमच्या घड्याळाची चकाकी, सगळं स्वच्छ दिसतं. बोगदा संपल्यावर यातलं काहीच गेलेलं नसतं, फक्त बाहेरच्या उजेडात बुडालेलं असतं आणि फोटोत पुसट डाग बनून येतं.

याचं कारण साधं आहे. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग त्याच्यावर सरळ पडलेल्या प्रकाशातला ४ टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकतो. एका काचेचे दोन पृष्ठभाग आणि डबल काचेचे चार, म्हणजे एसी डब्यात जवळपास १५ टक्क्यांपर्यंत जातं. बाहेर कडक ऊन असेल तर आतल्या उजेडाचे १५ टक्के म्हणजे काहीच नाही. बाहेर ढग दाटले, गाडी झाडीत शिरली किंवा दिवस मावळला की तेच १५ टक्के बाहेरच्या दृश्याला भारी पडतात. त्यामुळे प्रतिबिंब घालवायचं म्हणजे आतला उजेड काचेपर्यंत पोचू द्यायचा नाही, एवढंच काम आहे.

काचेतलं काढून टाकायचं असेल तर

लेन्स काचेच्या जवळ न्या, अगदी एक-दोन सेंटीमीटरवर, आणि लेन्सच्या भोवती बोटांचं कडं करून फट बंद करा. काळी ओढणी किंवा गडद रंगाचा रुमाल मोबाइलच्या मागे असा धरला की मधली फट झाकली जाते तर बोटांपेक्षा चांगलं काम होतं. मोबाइल काचेवर दाबून टेकवू नका, काच गाडीबरोबर थरथरत असते आणि ती थरथर सरळ फोटोत उतरते, बोटं मध्ये राहिली की ती बरीचशी शोषली जाते. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा, फ्लॅश बंद आहे ना बघून घ्या. खिडकीला पडदा असेल तर शेजारच्यांना विचारा, "काकू, दोन मिनिटं पडदा माझ्या मागून घेऊ का, काचेत लाइट येतेय," कुणी नाही म्हणत नाही, उलट काय काढताय म्हणून तेही बघायला लागतात.

पोलरायझर फिल्टर लावा असा सल्ला बरेच जण देतात. तो काचेकडे बराच तिरका बघत असाल तरच चालतो, सरळ समोर बघताना त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि गाडीची काच टफन केलेली असल्यामुळे पोलरायझरमधून तिच्यावर रंगीत ढगांसारखे चट्टे दिसायला लागतात. या कामासाठी विकत घेऊ नका.

मग फोकस. मोबाइलचा ऑटोफोकस काचेवरच्या थेंबावर किंवा ओरखड्यावर जाऊन बसतो आणि डोंगर मऊ येतो. स्क्रीनवर डोंगराच्या कडेवर बोट दाबून धरा, आयफोनमध्ये AE/AF LOCK असं लिहून येतं, अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये कुलपाचं चिन्ह येतं. Pro मोड असेल तर फोकसचा स्लायडर डोंगराच्या चिन्हाकडे नेऊन ठेवा आणि विसरून जा.

स्पीडचा हिशोब

इथे थोडं गणित आहे, पण एकदा डोक्यात बसलं की कायमचं बसतं. बदलापूर सुटल्यावर गाडी मोकळी धावते, समजा ९० चा स्पीड आहे. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. शटर १/१००० ठेवलं, म्हणजे ते सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतंच उघडलं, तर तेवढ्या वेळात गाडी अडीच सेंटीमीटर सरकते. ही अडीच सेंटीमीटर सगळ्यांसाठी सारखीच, पण फोटोत ती किती दिसते हे वस्तू किती लांब आहे यावर ठरतं. मोबाइलच्या मेन कॅमेऱ्याने काढलेल्या साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत १०० मीटर लांबचं झाड एक पिक्सेलसुद्धा हलत नाही, म्हणजे एकदम शार्प. १० मीटरवरचा खांब मात्र सात-आठ पिक्सेल फिसकटतो. आणि तीन-चार किलोमीटरवरचा चंदेरी तर १/३० लाही जागचा हलत नाही.

म्हणजे डोंगर शार्प यावा म्हणून कुणालाच काही करावं लागत नाही, तो येतोच. प्रश्न फक्त जवळच्याचा असतो. शेतात वाकून लावणी करणारी माणसं, बांधावरचा बगळा, पन्नास-शंभर मीटरवरचं घर हे स्वच्छ पाहिजे असेल तर Pro मोडमध्ये शटर १/१००० किंवा त्याच्यावर, ISO ऑटो, आणि बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ एक पटापट बरेच फोटो. Pro मोड नसेल तर उजेड भरपूर असताना काढा, मोबाइल आपोआप शटर फास्ट ठेवतो. HDR आणि नाइट मोड बंद, कारण ते दोन-चार फोटो एकत्र करून एक बनवतात आणि मधल्या वेळात गाडी पुढे गेलेली असते, मग एकाच झाडाला दोन खोडं दिसतात.

एक गोष्ट मात्र शटर कितीही फास्ट केलं तरी जात नाही, मोबाइल आडवा धरला की रुळाशेजारचे विजेचे खांब तिरपे येतात. सेन्सर एका क्षणात सगळा फोटो वाचत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, आणि खालपर्यंत पोचेपर्यंत खांब पुढे सरकलेला असतो. मोबाइल उभा धरला तर खांब सरळ येतो, फक्त जाड किंवा बारीक होतो. खांब नको असेल तर तो गेल्यावर लगेच बटण दाबा, ते ठराविक अंतरावर येतात, चार-पाच खांब नुसते बघितले की ताल कळतो.

आणि काचेतलं ठेवायचं असेल तर

आता माझ्या खऱ्या आवडीचा फोटो. बाहेर धावणारं शेत, मागे स्थिर डोंगर, आणि या सगळ्यावर हलकासा चेहरा, खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसाचा. हा फोटो लोकांना नशिबाने मिळतो असं वाटतं पण तो ठरवून काढता येतो, कारण प्रतिबिंब गाडीबरोबर चाललेलं असतं. तुमच्या दृष्टीने ते जागच्या जागी आहे. शटर स्लो केलं की जवळचं गवत रेघा होतं, लांबचा डोंगर हलत नाही, आणि चेहराही हलत नाही. तिन्ही गोष्टी एकाच फ्रेममध्ये आपापल्या जागी बसतात.

एक उदाहरण पूर्ण घेऊ. जुलैतला ढगाळ दिवस, गाडीने बदलापूर सोडलंय, नेरळपर्यंत साधारण पंधरा मिनिटं आहेत. जिचा चेहरा पाहिजे ती, समजा तुमची बहीण, विंडोला बसलीय, तुम्ही तिच्या शेजारी. तिला गडद रंगाचे कपडे घालायला आधीच सांगा. पांढरा कुर्ता असेल तर काचेत चेहऱ्याऐवजी एक मोठा पांढरा ढप्पा येतो, गडद असेल तर कपडे गायब होतात आणि फक्त चेहरा आणि हात उरतात.

आता कोन. काचेसमोर सरळ मोबाइल धरला तर काचेत पहिल्यांदा तुमचा मोबाइलच दिसणार. मेन कॅमेरा दोन्ही बाजूंना मिळून सत्तरेक अंश बघतो, म्हणजे मोबाइल काचेकडे सरळ न धरता निदान ४० अंश वळवला तरच तो स्वतःला फ्रेमच्या बाहेर टाकतो. पण एवढं तिरकं गेलं की डबल काचेमुळे चेहऱ्याच्या दोन कडा दिसायला लागतात, एक नाक आणि त्याच्या बाजूला अजून एक पुसट नाक. म्हणून 2x वर जा. 2x ला कॅमेरा कमी रुंद बघतो, पंचवीस-तीस अंश वळवलं तरी स्वतःचा मोबाइल फ्रेममध्ये येत नाही आणि दुसरी कडाही बरीच पहिलीच्या जवळ राहते. तुम्ही थोडं मागे टेकून, मोबाइल गाडी जातेय त्या दिशेला तिरका धरून बहिणीच्या खांद्याच्या पुढून काचेकडे बघा, तिला थोडं पुढे-मागे सरकायला सांगा, काचेत चेहरा सापडतो. इथे लेन्स काचेला चिकटवायची नाही हे उघड आहे, त्यामुळे बाकीची नको ती प्रतिबिंबं, वरची लाइट वगैरे, गडद ओढणी वर धरून अडवावी लागतात. त्यासाठी तिसरा माणूस असला तर फारच बरं.

शटर १/१२५ च्या आसपास, ISO सगळ्यात खाली, ५० असेल तर ५०. एवढ्यात चार-पाच मीटरवरचं गवत आणि खडी पूर्ण रेघोट्या होतात. फोटो पांढरा फट्ट आला तर समजा उजेड जास्त आहे, बहुतेक मोबाइलचं अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बदलत नाही त्यामुळे दुसरा मार्ग नाही, दाट ढग यायची वाट बघा किंवा शटर १/२५० करा. कडक उन्हात हा फोटो होत नाही, तिथे मोबाइलला १/२००० च्या वर जावं लागतं आणि मग धावणं दिसतच नाही. आयफोनवाल्यांना एक पळवाट आहे, Live चालू ठेवून फोटो काढायचा आणि नंतर त्याला Long Exposure लावायचं, बाहेरचं वाहून जातं आणि चेहरा टिकतो, फक्त त्या दोन-तीन सेकंदांत बहिणीने आणि तुमच्या हाताने दोघांनीही हलायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चेहरा कशावर पडतोय ते. प्रतिबिंब बाहेरच्या दृश्यावर उजेडाची भर घालतं, त्यातलं काही झाकत नाही, त्यामुळे आभाळावर पडलेला चेहरा दिसतच नाही आणि गडद झाडीवर पडलेला लगेच उठून येतो. ओली झाडं, रुळाजवळची काळी दगडी कटिंग, डोंगराची सावलीतली बाजू, यातलं काही फ्रेमच्या मधोमध आलं पाहिजे आणि डोळे त्याच्यावर पडले पाहिजेत. वांगणीच्या आसपास हे सोपं जातं, वर चंदेरीची गडद रांग, खाली खाचरं, आभाळ फक्त वरच्या एक तृतीयांशात. मोबाइल एक-दोन इंच वर-खाली केला की चेहरा आभाळातून डोंगरावर उतरतो, स्क्रीनवर बघत बघत ते जुळवा आणि झाडांचा पट्टा आला की बर्स्ट. चेहऱ्यावर उजेड कुठून येतो असं कुणी विचारेल, तर तो त्याच खिडकीतून येतो, म्हणून बहिणीने काचेकडेच तोंड करून बाहेर बघत राहायचं, कॅमेऱ्याकडे वळली की गाल अंधारात जातो.

संध्याकाळच्या गाडीला हेच काम उलटं होतं. सूर्य मावळल्यावर दहा-पंधरा मिनिटांची एक वेळ असते जेव्हा बाहेरचा निळा उजेड आणि डब्यातली लाइट जवळजवळ सारखी होते, तेव्हा १/३० सुद्धा चालतं आणि चेहरा दिवसापेक्षा कितीतरी ठळक येतो. त्याच्यानंतर मात्र काच पारसिकच्या बोगद्यासारखीच होते, बाहेरचं काही उरत नाही.

उघड्या खिडकीबद्दल

सेकंड सीटिंग किंवा लोकलमध्ये काचेचा प्रश्नच नाही, वारा आणि गज. गजांच्या मधून लेन्स धरली की झालं, पण मोबाइल किंवा कोपर गजाबाहेर काढायचा नाही, सिग्नलचे खांब आणि शेजारच्या लाइनवरची गाडी किती जवळून जाते ते आतून कळत नाही. दारात उभं राहून तर अजिबात नाही. कळवा, मुंब्रा, कल्याणच्या आजूबाजूला गाडी हळू होते तिथे रुळाशेजारून काठीने हातावर मारून मोबाइल पाडणारे असतात, फटका गँग म्हणतात ती हीच, त्या झटक्यात तोल जाऊन माणसं गाडीतून पडलेली आहेत. बदलापूरपर्यंत मोबाइल आतच ठेवा, तसंही तिथपर्यंत बिल्डिंगा आणि नाले यापलीकडे फारसं काही नाही, मुंब्र्याचा डोंगर दिसतो पण तो इतका अंगावर येतो की फ्रेममध्ये मावत नाही.

घरी आल्यावर

बर्स्टमधले फोटो छोटे बघून निवडू नका, प्रत्येकाला मोठं करून आधी डोळा बघा. डोळ्यावरून खांब किंवा पांढरी रेघ गेली असेल तर डिलीट. मग डोंगराची कड बघा, ती मऊ असेल तर फोकस काचेवर गेला होता आणि तो फोटो काही केलं तरी सुधारत नाही. उरलेल्यात काचेची हिरवट-निळसर झाक असते, वॉर्म्थ थोडी वाढवली की जाते. कॉन्ट्रास्ट वाढवायचा मोह होतो, काचेमुळे सगळं जरा धुरकट दिसतं म्हणून, पण चेहऱ्याचा फोटो असेल तर फार वाढवू नका, कारण काळं अजून काळं करताना पहिल्यांदा तो पुसट चेहराच जातो. साध्या डोंगराच्या फोटोला हवा तेवढा वाढवा.